फ्लूच्या तापात जेवण का जात नाही, आणि मग द्यायचं काय?

पावसाळा सुरू झाला की घराघरांत तेच चित्र दिसतं. १०२ ताप, अंग मोडून आलेलं, घसा धरलेला, आणि ताटासमोर बसवलं की माणूस तोंड फिरवतो. मग सल्ले सुरू होतात. एक जण म्हणतो, काही खाल्लं नाही तर ताकद कुठून येणार? दुसरा म्हणतो, ताप आहे ना, मग लंघनच बरं. तिसरा थेट सलाईन लावायला सांगतो. तिघांचा हेतू चांगला असला, तरी तिघांचाही हिशोब थोडाथोडा चुकतो.

“जेवण जात नाही, म्हणजे पोट बिघडलंय”

फ्लूचा विषाणू नाक, घसा आणि फुप्फुसांचा. पोट हे त्याचं मुख्य ठाणं नव्हे. जुलाब-उलट्यांनी एकदोन दिवस आडवं करणाऱ्या आजाराला लोक ‘पोटाचा फ्लू’ म्हणतात, पण तो बहुतेक वेळा नोरोव्हायरस किंवा रोटाव्हायरसचा प्रताप असतो. इन्फ्लुएन्झाशी त्याचं नातं नाही, आणि फ्लूची लस त्याच्यावर चालत नाही.

मग भूक जाते कशाने? विषाणूशी लढताना शरीरातल्या पेशी सायटोकाइन नावाची रसायनं सोडतात. ती मेंदूतल्या हायपोथॅलॅमसपर्यंत निरोप पोचवतात. तिथूनच ताप चढतो, झोप येते आणि भुकेचं बटण बंद होतं. आजारी माणूस नखरे करत नसतो, त्याला खरोखरच भूक लागत नसते. नाक बंद असल्यामुळे वास येत नाही, त्यामुळे चवही जाते, ती भर वेगळीच.

मळमळीची कारणं मात्र बऱ्याचदा अगदी साधी असतात आणि ती घरीच सापडतात. नाकातला शेंबूड घशामागून पोटात उतरत राहतो. लहान मुलांना तर खोकल्याची उबळ आली की खाल्लेलं बाहेर पडतं. फ्लूत मुळातच मोठ्यांपेक्षा मुलांना उलट्या जास्त होतात. शरीरातलं पाणी कमी झालं तरी मळमळतं. आणि औषधांचं काय? आयबुप्रोफेन उपाशीपोटी घेतली तर पोटात जळजळतं. डॉक्टरांनी ओसेल्टामिवीर दिली असेल, तर मळमळ हा तिचा ठाऊक असलेला दुष्परिणाम आहे. ती थोड्या खाण्याबरोबर घेतली की त्रास कमी होतो. कोविडनंतर घराघरांत शिरलेल्या झिंकच्या गोळ्याही रिकाम्या पोटी घेतल्या तर उमळून येतं. उरलेल्या स्ट्रिपमधली अँटिबायोटिक मनाने घेणाऱ्यांना तर काय म्हणावं! फ्लूवर तिचा उपयोग शून्य, आणि पोट बिघडतं ते वेगळंच. म्हणून मळमळतंय म्हटल्यावर आधी गोळ्यांची पुडी तपासा, स्वयंपाकघराकडे नंतर वळा.

“लंघन केलं की ताप लवकर उतरतो”

एक-दोन दिवस जेवण कमी गेलं, तर निरोगी मोठ्या माणसाचं काही बिघडत नाही. इथपर्यंत लंघनवाल्यांचं बरोबर आहे. पण जेवण सोडणं आणि पाणी सोडणं यांत फार फरक आहे, आणि घरोघरी चूक होते ती इथेच. ताप एक अंश सेल्सिअसने चढला की त्वचेतून आणि श्वासातून उडून जाणारं पाणी साधारण दहा टक्क्यांनी वाढतं. वर घाम येतो, श्वास जलद होतो. नेमकी अशाच वेळी तहानही मंदावते. म्हातारी माणसं तर मागतच नाहीत. लघवी गडद पिवळी होते, उभं राहिलं की गरगरतं, आणि या कोरडेपणानेच मळमळ आणखी वाढते. मग पाणीही नको वाटतं. हे चक्र मध्येच कुठेतरी तोडावं लागतं, आणि ते तुटतं घोटाघोटाने, पेल्याने नाही.

मधुमेह असलेल्यांनी तर लंघनाच्या वाटेला जाऊच नये. खाणं बंद झालं म्हणून इन्सुलिन मनाने थांबवू नये, आणि गोळ्या चालू ठेवायच्या की नाहीत, हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावं.

“शहाळं म्हणजे देवाने दिलेलं सलाईन”

शहाळ्याचं पाणी मळमळीत छान उतरतं. वास नाही, तेलकटपणा नाही, गोडीही बेताची. एका शहाळ्यात साधारण पाव लिटर पाणी निघतं. त्यात थोडी साखर असते आणि पोटॅशियम भरपूर असतं. पण सोडियम, म्हणजे आपलं मीठ, बरंच कमी असतं. घामातून आणि उलट्यांतून जातं मुख्यतः सोडियमच. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे एक लिटर ओआरएसमध्ये २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. हे प्रमाण उगाच ठरवलेलं नाही. आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत शिरतात आणि पाण्याला ओढून नेतात. शहाळ्यात या जोडीतलं सोडियम अपुरं पडतं. म्हणून थोडा ताप आणि थोडी मळमळ असेल तर शहाळं उत्तम, पण उलट्या-जुलाब सुरू असतील तर ओआरएसच हवं. पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात विरघळवायचं. एक लिटरचं पाकीट एका पेल्यात घोळून पाजलं, तर फायद्याऐवजी अपायच होतो. नुसत्या ग्लुकोज पावडरीत पुरेसं मीठ नसतं, त्यामुळे तिला ओआरएस समजू नये.

शहाळ्याने कफ होतो, ही भीती मनातून काढून टाका. खरी खबरदारी दुसरीकडे घ्यायची. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना, किंवा पोटॅशियम वाढवणारी रक्तदाबाची औषधं घेणाऱ्यांना, शहाळी खिरापतीसारखी देऊ नयेत. रक्तातलं पोटॅशियम वाढलं की थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो.

“सूप म्हणजे औषधच”

२००० साली नेब्रास्का विद्यापीठातल्या स्टीफन रेनर्ड यांनी चिकन सूपवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. सुपामुळे काही पांढऱ्या पेशींची हालचाल मंदावते, असं त्यात दिसलं. पण हे दिसलं प्रयोगशाळेतल्या पेशींवर, आजारी माणसांवर नाही. सुपाचा खरा उपयोग साधाच आहे. पाणी, मीठ आणि ऊब एका घोटात मिळतात, आणि वाफेने नाक जरा मोकळं होतं. हॉटेलातलं कॉर्नफ्लॉवर घातलेलं घट्ट सूप मात्र या कामाचं नाही. मुगाचं कढण, टोमॅटोचं पातळ सार, कोंबडीचं किंवा मटणाचं तेल न घातलेलं पाणी, यांतलं जे उतरेल ते द्यावं. सिंधुदुर्गात आणि गोव्यात उकड्या तांदळाची पेज मीठ घालून देतात, तिला तर माझं पहिलं मत. तांदळातल्या पिष्टाचं आतड्यात ग्लुकोज होतं, त्याला मिठाची साथ मिळते, आणि ओआरएसमागचंच तत्त्व वाडग्यात येतं.

मळमळणाऱ्याला वाफाळता वाडगा नाकाशी धरू नका. गरम पदार्थाचा वास जास्त येतो. कोमट होऊ द्या.

“हलकं म्हणजे साबुदाणा, आणि तूप तर अजिबात नको”

साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात प्रथिनं नावालाच असतात. त्यातून शेंगदाण्याचं कूट आणि तूप घातलेली साबुदाण्याची खिचडी ताप आलेल्या पोटाला हलकी कुठून वाटणार? मूगडाळ-तांदळाची मऊ खिचडी यात कितीतरी सरस. ३० ग्रॅम तांदूळ, ३० ग्रॅम मूगडाळ, दोन्ही धुऊन सुमारे अर्धा लिटर पाणी, हळद, मीठ आणि चिमूटभर हिंग. कुकरला पाच-सहा शिट्या द्या आणि मग डावाने घोटा. यातून साधारण दोनशे कॅलरी आणि नऊ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. वरून चमचाभर तूप चालतं. फार स्निग्ध पदार्थ पोटात रेंगाळतात हे खरं, पण तो नियम भज्यांसाठी, एका चमच्यासाठी नाही. फोडणी मात्र त्या दिवशी टाळा. तडतडणाऱ्या मोहरीचा वास घरभर पसरला, की दोन खोल्या पलीकडे पडलेल्या माणसालाही उमासे येतात.

समजा, चाळिशीतली बाई आहे. फ्लूचा दुसरा दिवस, सकाळी आठला घेतलेला दुधाचा चहा उलटून पडला. लगेच काही पाजू नका. पंधरा-वीस मिनिटं पोटाला शांत राहू द्या. मग ओआरएस किंवा मिठाची पेज, दर पाच मिनिटांनी दोन छोटे चमचे. फार कमी वाटतं, पण तासाभरात सव्वाशे मिलिलिटरच्या जवळ पोचतं, आणि तेही पोटात टिकतं. तासभर उलटी झाली नाही की घोट मोठे करा. साडेदहा-अकराच्या सुमाराला अर्धी वाटी कढण. दुपारी मऊ खिचडीचे चार-पाच चमचे, आणि नको म्हटलं की तिथेच थांबा. दोन तासांनी पुन्हा तेवढेच. मध्ये शहाळं. पुन्हा उलटी झाली तर एक पायरी मागे येऊन चमच्यांपासून सुरुवात करा. जमतंय की नाही हे ताटावरून नाही, लघवीवरून ओळखायचं. संध्याकाळपर्यंत तीन-चार वेळा झाली आणि रंग फिका असेल, तर गाडी रुळावर आहे.

“सलाईन लावलं की ताकद येते”

पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे शंभराहूनही कमी कॅलरी. नॉर्मल सलाईनच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ आणि बाकी पाणी, कॅलरी एकही नाही. वरच्या खिचडीत याच्या दुपटीहून जास्त ऊर्जा आहे, शिवाय प्रथिनं. सलाईनने तरतरी येते ती पाणी भरून निघाल्यामुळे. तोंडाने काहीच टिकत नसेल तेव्हा सलाईन जीव वाचवतं. पण कढण पिऊ शकणाऱ्या माणसाला ते लावणं म्हणजे पैसे खर्चून हातात सुई टोचून घेणं.

पावसाळ्यातला प्रत्येक ताप फ्लूचा नसतो, हे मात्र विसरू नका. डेंग्यूतही भूक जाते आणि मळमळतं. उलट्या थांबत नसतील, पोटात जोराने दुखत असेल, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येत असेल, तर थेट दवाखाना गाठा. तापाचं निदान होईपर्यंत आयबुप्रोफेन टाळून पॅरासिटामॉलवरच भागवा. मुलांना विषाणूच्या तापात ॲस्पिरिन कधीही देऊ नका. त्याने यकृत आणि मेंदूवर आघात करणारा रेय सिंड्रोम होऊ शकतो, आणि त्याची सुरुवात नेमकी सततच्या उलट्यांनीच होते. आठ तास बाळाचा लंगोट कोरडा राहिला, मोठ्या माणसाला बारा तास लघवी झाली नाही, धाप लागली, बोलण्यात असंबद्धपणा आला, किंवा उतरलेला ताप पुन्हा चढला, तर घरगुती उपायांचं काम संपलं असं समजा. अशा वेळी सकाळची वाट पाहू नका, रात्रीच निघा.