विशेषण काढा, क्रियापद ठेवा

पुण्यातल्या आमच्या ऑफिसात आठ जणांची सपोर्ट टीम मी सांभाळतो. दोन वर्षांपूर्वी रात्रपाळीच्या एका मुलाला मी कॉरिडॉरमध्ये गाठून म्हणालो, "तू हल्ली फार निष्काळजी झालायस." तो "सॉरी सर" म्हणाला आणि निघून गेला. चार दिवसांनी तीच चूक पुन्हा झाली. मला राग आला. मी त्याला नेमकं काहीच सांगितलं नव्हतं, हे माझ्या लक्षात यायला बराच वेळ लागला.

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात ग्रीन्सबरो इथे 'सेंटर फॉर क्रिएटिव्ह लीडरशिप' ही संस्था 1970 पासून नेतृत्व प्रशिक्षणाचं काम करते. तिथे फीडबॅक देण्याची एक साधी रीत तयार झाली. तिला 'एसबीआय' म्हणतात. आधी प्रसंग सांगायचा, म्हणजे कधी आणि कुठे. मग वर्तन, म्हणजे समोरच्याने काय केलं किंवा काय म्हटलं. शेवटी परिणाम, म्हणजे त्यामुळे कामावर, माणसांवर किंवा तुमच्यावर काय झालं.

ऐकायला सोपं वाटतं, पण गाडी अडते ती मधल्या पायरीवर. वर्तन सांगायला जातो आणि आपल्या तोंडून विशेषण बाहेर पडतं: निष्काळजी, उद्धट, आळशी. कामाच्या धबडग्यात प्रसंग विसरतो आणि विशेषण तेवढं लक्षात राहतं. विशेषण हा आपण काढलेला निष्कर्ष असतो. ऐकणारा त्यावर एकतर वाद घालतो, नाहीतर मान खाली घालून गप्प बसतो. मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: खोलीत कॅमेरा असता, तर त्यात हे दिसलं असतं का? निष्काळजीपणा दिसला नसता. रिकामा रकाना दिसला असता. 'नेहमी' आणि 'कधीच' हे शब्दही याच परीक्षेत नापास होतात. 'तू नेहमी उशिरा येतोस' म्हटलं, की समोरचा वेळेवर आलेला एक दिवस शोधून काढतो आणि बोलणं तिथेच भरकटतं.

दुसऱ्या खेपेला मी त्याला मीटिंग रूममध्ये बोलावलं आणि असं बोललो: "काल पहाटे शिफ्ट संपताना तू हँडओव्हरची नोंद केलीस. त्यात तीन तिकिटांपुढे फक्त 'काम चालू' एवढंच लिहिलं होतंस. सकाळी सातला आलेल्या मुलीला काय तपासून झालंय ते कळेना, म्हणून तिने सगळे लॉग पुन्हा पाहिले. त्यात तासभर गेला. क्लायंटचा फोन आला तेव्हा मलाही काही सांगता आलं नाही."

जेमतेम अर्धं मिनिट लागलं. परिणाम सांगताना मी जे पाहिलं आणि माझ्यावर जे ओढवलं तेवढंच बोललो. 'क्लायंट आता आपल्याला सोडून जाईल' असं म्हटलं असतं, तर ती माझी भीती झाली असती, आणि बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचा त्याचा विश्वासही उडाला असता.

मग मी विचारलं, "तुझ्या मनात काय होतं?" याच संस्थेने पुढे या रीतीला जोडलेली ही चौथी पायरी, हेतू विचारण्याची. माझ्या मते ती गाळली, तर फीडबॅक म्हणजे आरोपपत्र होतं. तो म्हणाला, "सर, शिफ्ट सहाला संपते आणि कॅब सहा दहाला सुटते. शेवटचं तिकीट पावणेसहापर्यंत चालू होतं. चुकली तर पुढची कॅब आठला." वर्षभर मी ते कॅबचं वेळापत्रक मंजूर करत होतो, पण हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

या रीतीची मर्यादाही इथेच दिसते. काय घडलं ते ती नेमकं मांडते, पण पुढे काय करायचं ते सांगत नाही. ते दोघांनी बसून ठरवावं लागतं. आम्ही ठरवलं की साडेपाचनंतर नवं तिकीट घ्यायचं नाही आणि तो वेळ नोंदीला द्यायचा.

प्रसंग शिळा झाला की हे सगळं लुळं पडतं. तीन महिन्यांनी अप्रेझलच्या टेबलावर 'मागे एकदा' असं म्हणून काही साधत नाही. म्हणून मी वहीत त्याच दिवशी एक ओळ लिहितो: तारीख, आणि क्रियापद असलेलं एक वाक्य. शक्यतो दुसऱ्या दिवसाच्या आत, एकट्याला गाठून बोलतो. चॅटवर नाही, कारण तिथे चेहरा दिसत नाही आणि त्याचं म्हणणं ऐकायचं राहून जातं.

कौतुकालाही हीच रीत लागू पडते, आणि तिथे आपण फारच कंजूष असतो. 'छान काम' एवढ्यावर उरकतो. पुढच्या आठवड्यात त्याची नोंद आली: लॉग तपासले, डेटाबेस ठीक, व्हेंडरच्या उत्तराची वाट. मी त्याला फोन केला. "आज पहाटेच्या नोंदीत काय तपासलं आणि कशाची वाट पाहायची, हे तू तिकीटवार लिहिलंस. सकाळच्या मुलीने आल्या आल्या थेट व्हेंडरला फोन लावला, आणि साडेसातला तिकीट बंद." पलीकडे तो क्षणभर काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "सर, बाकीच्या दोन रात्रपाळीवाल्यांनाही साडेपाचचं सांगू का?"