‘मे’ कुठे लावायचं, कुठे नाही?

स्पॅनिशच्या पहिल्या काही तासांत वर्गात दोघा-दोघांच्या जोड्या लावतात आणि एक छोटा संवाद म्हणून घेतात. कार्लोस हा माद्रिदचा मुलगा आणि मीरा ही पुण्याहून तिथे शिकायला गेलेली मुलगी, असं धरलं तर तो साधारण असा होईल:

— ओला, मे यामो कार्लोस. ई तू, कोमो ते यामास?
— मे यामो मीरा. एन्कान्तादा.
— एन्कान्तादो. दे दोन्दे एरेस?
— सोय दे पुणे, पेरो बीबो एन माद्रिद.
— आ के ओरा ते लेवान्तास?
— मे लेवान्तो आ लास स्येते. देसायुनो ई बोय आ क्लासे. ई तू?
— यो मे लेवान्तो आ लास ओचो ई मे आक्वेस्तो आ ला उना.

नाव काय, गाव कोणतं, सध्या राहतेस कुठे, उठतेस किती वाजता, एवढंच यात विचारलं आहे. मीरा सातला उठते, नाश्ता करते आणि वर्गाला जाते. कार्लोस आठला उठतो आणि रात्री एकला झोपतो. स्पेनमध्ये दुपारचं जेवण दोन-तीनच्या सुमारास आणि रात्रीचं नऊनंतर होतं, हे लक्षात घेतलं की त्याचा एकचा आकडा फारसा खटकत नाही.

ओळख आणि दिनक्रम हे दोन विषय पाठोपाठ शिकवण्यात मोठी सोय आहे. दोन्हींना जोडणारा शब्द म्हणजे ‘मे’. पहिल्या दिवशी विद्यार्थी ‘मे यामो’ म्हणजे ‘माझं नाव’ असं सरळ पाठ करतो. त्यात क्रियापद आहे, याचा त्याला पत्ताही नसतो. मग ‘मी यामो’ किंवा ‘मे यामो एस कार्लोस’ अशी वाक्यं कानावर येतात. स्पॅनिशमध्ये ‘मी’ म्हणजे ‘माझं’ आणि ‘एस’ म्हणजे ‘आहे’. इंग्रजीतला साचा डोक्यात ठेवून बोललं की हे दोन्ही आपोआप घुसतात. खरं तर ‘यामार’ म्हणजे हाक मारणं. ‘मे यामो’ म्हणणारा शब्दशः ‘मी स्वतःला अमुक म्हणतो’ असं सांगत असतो.

दिनक्रमापाशी आल्यावर याचा उलगडा होतो, आणि इथे मराठी माणसाला घरचीच मदत मिळते. आपल्याकडे ‘उठणे’ हे मूळ क्रियापद. त्याला ‘व’ जोडला की दुसऱ्याला ‘उठवणे’ होतं. झोपणे-झोपवणे तसंच. स्पॅनिश उलट्या दिशेने जाते. ‘लेवान्तार’ म्हणजे उठवणं किंवा उचलणं. ‘मे’ लावला की ‘मे लेवान्तो’, मी उठतो. ‘मे आक्वेस्तो’ म्हणजे मी झोपायला जातो, पण ‘आक्वेस्तो आल निन्यो’ म्हणजे मी बाळाला झोपवतो. ‘देसायुनो’ला मात्र ‘मे’ लागत नाही. नाश्ता आपण स्वतःला करत नाही.

‘मे’ नीट समजला की नाही, हे पुढच्या टप्प्यात कळतं. संवाद झाल्यावर शिक्षक मीराला सांगतात, आता कार्लोसबद्दल वर्गाला सांग. उत्तर हवं ‘से यामा कार्लोस, से लेवान्ता आ लास ओचो’. माणूस बदलला की ‘मे’चा ‘से’ व्हायला हवा. पण जीभ ‘मे’ला सरावलेली असते आणि बाहेर येतं, ‘कार्लोस मे लेवान्ता आ लास ओचो’. व्याकरणात हे वाक्य बिनचूक आहे. त्याचा अर्थ मात्र ‘कार्लोस मला आठ वाजता उठवतो’ असा होतो. म्हणूनच जोडीने संवाद म्हटला, की पाठोपाठ जोडीदाराची ओळख करून द्यायला लावणं अतिशय गरजेचं आहे. नुसत्या पाठांतरात ही चूक लपून राहते.

बाकी मराठी कानाला यात ओळखीचं पुष्कळ सापडतं. भेटून आनंद झाला, हे मीरा ‘एन्कान्तादा’ म्हणून सांगते, कार्लोस ‘एन्कान्तादो’ म्हणून. पण ‘उठतो’ आणि ‘उठते’ या दोन्हींसाठी एकच ‘मे लेवान्तो’ पुरतं. आपण ‘एक वाजला, दोन वाजले’ म्हणतो, तसं स्पॅनिशमध्येही एक वाजण्यापुरतं एकवचन: ‘आ ला उना’, पुढे ‘आ लास दोस’. ‘ते’ आणि ‘दोन्दे’ यांतले त, द आपल्यासारखेच दंत्य. इंग्रजी सवयीने त्यांचे ट, ड करायचं कारण नाही.

अडतं ते ‘आक्वेस्तो’पाशी. मूळ क्रियापद ‘आकोस्तार’. आघात ज्या अक्षरावर पडतो, तिथल्या ‘ओ’चा ‘वे’ होतो. ‘आम्ही झोपतो’ म्हणताना आघात पुढे सरकतो, म्हणून ‘नोस आकोस्तामोस’मध्ये ‘ओ’ तसाच राहतो.

हाच संवाद अनोळखी वयस्कर माणसाशी करायचा झाला, तर ‘तू’च्या जागी ‘उस्तेद’ येतं आणि प्रश्न होतो, ‘कोमो से यामा उस्तेद?’ ब्वेनोस आयरेसमध्ये कार्लोससारखा मुलगा ‘तू’ऐवजी ‘बोस’ म्हणेल, ‘यामास’चा उच्चार ‘शामास’ असा करेल आणि आघात शेवटच्या अक्षरावर देईल. ‘मे’, ‘ते’, ‘से’ मात्र तिथेही हेच.