वर मुरूम, खाली विहीर? सदाशिव पेठेत बांधकामाआधी जमीन कशी तपासायची

२० सप्टेंबर २०२४ चा तो व्हिडिओ आठवतोय? पुण्यात बुधवार पेठेतल्या सिटी पोस्टाच्या आवारात महापालिकेचा ट्रक उभा होता आणि बघता बघता अख्खा ट्रक जमिनीत गेला. चालक वाचला. त्या जागी पूर्वी विहीर होती, असं नंतर सांगण्यात आलं.

सदाशिव पेठ तिथून हाकेच्या अंतरावर. इथेही वाडे पाडले जातायत, आणि वाडा म्हटला की विहीर, आड, शोषखड्डा आलाच. त्यात पेशवाईत आंबील ओढ्याचा प्रवाह वळवलेला आणि जमिनीखालून पाण्याचे नळ आणलेले. त्यामुळे ‘पुण्यात काय, खाली खडकच आहे’ हे वाक्य पेठेत बेधडक वापरण्यासारखं नाही.

बहुमजली इमारतीला रीतसर माती परीक्षण लागतंच, तिथे पळवाट नाही. प्रश्न पडतो तो लहान कामात. समजा, तीन गुंठ्यांच्या जुन्या प्लॉटवर मागच्या बाजूला दोन खोल्या बांधायच्या आहेत. परीक्षणाचा खर्च करायचा की नाही, हे ठरवायचं कसं?

आधी जुन्या भाडेकरूंना आणि शेजाऱ्यांना विचारायचं, विहीर कुठे होती? मग बांधकामाच्या जागेत पुढे, मध्ये आणि मागे असे तीन खड्डे घ्यायचे, शेजारच्या भिंतीपासून लांब. जुन्या वाड्यांच्या भिंतींचा पाया फार खोल नसतो, त्याला लागून खणलं तर भिंतच खाली यायची. खड्डा चार फुटांपर्यंतच खणायचा, कारण त्याहून खोल गेल्यावर बाजू ढासळून आतला माणूस गाडला जाऊ शकतो. पुढचे दोन-तीन फूट वरून हाताने फिरवायच्या ऑगरने, म्हणजे मातीच्या गिरमिटाने, तपासायचे.

आपल्या प्लॉटवर पुढच्या खड्ड्यात दोन फूट भराव आणि खाली मुरूम लागला. मागच्या खड्ड्यातही मुरूमच दिसला, पण गफलत होते ती इथेच. जागचा मुरूम हा झिजलेला खडक असतो. त्यात मूळ दगडाच्या भेगा, कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर दिसतात आणि खाली जाल तसा तो कडक होत जातो. बाहेरून आणून टाकलेल्या मुरमात विटांचे तुकडे, कौलं, कोळसा, प्लॅस्टिक सापडतं. मागच्या खड्ड्यात कौलाचे तुकडे निघाले आणि सहा फुटांवरही ऑगरला काळा, ओला गाळच लागला. म्हणजे बुजवलेला आड किंवा शोषखड्डा असण्याची दाट शक्यता.

मधल्या खड्ड्यात काळी माती लागली. ती फुगणारी आहे का, हे घरीही अंदाजाने कळतं. माती वाळवून, कुटून, बारीक चाळून घ्यायची. प्रत्येकी १० ग्रॅम माती दोन मोजपात्रांत घेऊन एकात पाणी आणि दुसऱ्यात रॉकेल १०० मिलीच्या खुणेपर्यंत भरायचं, ढवळून हवेचे बुडबुडे काढायचे आणि किमान २४ तास ठेवायचं. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. तिथे माती १० मिलीच्या खुणेवर आणि पाण्यात १७ वर बसली, तर फुगवटा ७० टक्के. ५० च्या खाली असेल तर फारशी काळजी नाही. त्याच्या वर गेला, तर पावसाळ्यात फुगून आणि उन्हाळ्यात आक्रसून ही माती हलक्या भिंतींना तडे देऊ शकते.

राहिलं पाणी. खड्डा पत्र्याने झाकून रात्रभर ठेवायचा आणि सकाळी पातळी मोजायची. जवळ उघडी विहीर असेल तर टेप सोडून मोजायचं आणि कठड्याची उंची वजा करायची. बोअरवेलची पातळी इथे चालत नाही, कारण ती बऱ्याचदा खोल भेगांमधल्या पाण्याची असते. मोजणी मे महिन्यात केली तर आकडा फसवतो, म्हणून पावसाळा संपताना पुन्हा मोजायची.

पेठेत आणखी एक घोळ असतो. खड्ड्यात आलेलं पाणी भूजल असेलच असं नाही, ते फुटलेल्या नळाचं किंवा ड्रेनेजचंही असू शकतं. एकाच खड्ड्यात पाणी आणि बाकीचे कोरडे असतील, किंवा नळाला पाणी येण्याच्या वेळी पातळी वाढत असेल, तर आधी गळती शोधायची. कारण वाहतं पाणी भरावातली बारीक माती घेऊन जातं आणि खाली पोकळी तयार होते.

तिन्ही खड्ड्यांत चार फुटांच्या आत जागचा मुरूम आणि पावसाळ्यानंतरही कोरडं असतं, तर दोन खोल्यांसाठी स्ट्रक्चरल इंजिनिअरने खड्डे पाहून पाया ठरवणं पुरलं असतं. या प्लॉटवर मात्र तीन खड्ड्यांत तीन वेगळ्या जमिनी निघाल्या, त्यामुळे परीक्षण करावंच लागेल. पण आता बोअर कुठे घ्यायचे हे माहीत आहे. एक त्या काळ्या गाळाच्या बरोबर वर आणि दुसरा त्याच्या कडेबाहेर, म्हणजे विहिरीची खोली आणि बाजूची जमीन दोन्ही कळेल.