एक्सजीबूस्ट आणि लाइटजीबीएम: झाड कुठे वाढवायचे, कुठे थांबवायचे

एक्सजीबूस्ट आणि लाइटजीबीएम यांची मूळ रीत एकच आहे. लहान लहान निर्णयवृक्ष एकामागून एक उभारायचे आणि आधीच्या सर्व वृक्षांकडून राहिलेली चूक प्रत्येक नव्या वृक्षाने कमी करायची. एक्सजीबूस्टवरचा तियानची चेन आणि कार्लोस गेस्ट्रिन यांचा शोधनिबंध २०१६ साली आला, तर मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी घडवलेल्या लाइटजीबीएमवरचा २०१७ साली. दुसऱ्या दर्जाचे ग्रेडियंट फक्त एक्सजीबूस्टमध्येच असतात, असे पुष्कळदा सांगितले जाते. ते खरे नाही. दोन्ही साधने ते वापरतात.

चुकीचा आलेख कोणत्या दिशेला उतरतो हे पहिला ग्रेडियंट सांगतो, आणि तो उतार किती झपाट्याने बदलतो हे दुसरा. पहिल्यावरून अंदाज वाढवायचा की कमी करायचा ते कळते. पाऊल किती मोठे टाकायचे ते ठरवायला दुसरा लागतो. झाडाच्या एका पानात पोहोचलेल्या सर्व नोंदींच्या पहिल्या ग्रेडियंटची बेरीज G आणि दुसऱ्याची H मानली, तर त्या पानाची किंमत अशी निघते:

```
w = -G / (H + λ)
```

समजा, कर्ज बुडेल की नाही याचा अंदाज करायचा आहे आणि सुरुवातीला प्रत्येकासाठी बुडण्याची शक्यता ०.५ धरली आहे. एका पानात चार कर्जदार आले आणि चौघांचेही कर्ज बुडाले. प्रत्येकाचा पहिला ग्रेडियंट ०.५ वजा १, म्हणजे −०.५, दुसरा ०.५ गुणिले ०.५, म्हणजे ०.२५. म्हणून G = −२ आणि H = १. λ शून्य असेल तर पानाची किंमत २ येते आणि शक्यता ०.८८ पर्यंत जाते. λ एक असेल तर किंमत १ वर येते, शक्यता ०.७३ वर थांबते. (शिकण्याच्या दराने होणारी घट इथे धरलेली नाही.) चारांऐवजी अशीच चारशे कर्जे असती, तर λ = १ असूनही किंमत १.९८ राहिली असती. तुटपुंज्या पुराव्यावर काढलेला निष्कर्ष आवरायचा आणि भक्कम पुराव्याला हात लावायचा नाही, हे नियमन इतक्या साध्या भागाकारातून साधते.

मूळ मांडणीत λ एक्सजीबूस्टमध्ये १ असतो, लाइटजीबीएममध्ये ०. मात्र लाइटजीबीएम वीसपेक्षा कमी नोंदींचे पान होऊच देत नाही, त्यामुळे वरचे चार जणांचे पान तिथे तयारच होणार नाही. एक्सजीबूस्ट माणसे मोजत नाही, H मोजते आणि ते किमान १ असावे असे बघते. ज्यांच्या बाबतीत शक्यता आधीच ०.०५ वर आली आहे, अशा वीस जणांचे H जेमतेम ०.९५ भरते, ते पान एक्सजीबूस्ट नाकारते, लाइटजीबीएम स्वीकारू शकते.

फांदी कुठे फोडायची, हे शोधण्यातच सर्वाधिक वेळ जातो. दहा लाख अर्जदारांचे उत्पन्न क्रमाने लावून प्रत्येक दोन वेगळ्या रकमांमधली जागा तपासणे फार महाग पडते. लाइटजीबीएम सुरुवातीलाच उत्पन्नाचे जास्तीत जास्त २५५ गट पाडते आणि प्रत्येक गटातल्या G व H यांच्या बेरजा ठेवते. मग २५४ जागाच तपासाव्या लागतात. फांदी फुटल्यावर लहान बाजूच्या बेरजा मोजायच्या आणि मोठ्या बाजूच्या नुसत्या वजाबाकीने मिळवायच्या. किंमत एवढीच, की एका गटात पडलेल्या दोन रकमा पुढे कधीच वेगळ्या करता येत नाहीत. एक्सजीबूस्टनेही पुढे ही हिस्टोग्राम पद्धत घेतली आणि २०२३ च्या २.० आवृत्तीपासून तीच तिथे मूळ मांडणी झाली.

खरा फरक आज राहतो तो वाढीच्या क्रमात. एक्सजीबूस्ट एका पातळीवरची फोडण्याजोगी सर्व पाने फोडून मगच खाली उतरते. सहा पातळ्यांत जास्तीत जास्त ६४ पाने होतात. लाइटजीबीएम दर वेळी सर्वाधिक लाभ देणारे एकच पान फोडते, मग ते कितीही खोल असो. तेवढ्याच पानांत चूक सहसा अधिक घटते, पण ३१ पानांचे झाड एकाच बाजूला वाढत तीस पातळ्या खोल जाऊ शकते. थोड्या हजार नोंदींवर असे झाड अपवादच पाठ करते. शिकण्याच्या नोंदींवरची चूक घटत राहते आणि बाजूला ठेवलेल्या नोंदींवरची मात्र वाढू लागते, तेव्हा हे घडते आहे असे समजावे. अशा वेळी num_leaves कमी करणे आणि min_data_in_leaf वाढवणे हा पहिला उपाय. एक्सजीबूस्टची खोली ६ होती म्हणून इथे ६४ पाने देणे चुकीचे. तेवढ्याच पानांत हे झाड कितीतरी खोल उतरते.

दोन्हींची सारख्या पायावर तुलना करायची असेल, तर एक्सजीबूस्टलाही पानागणिक वाढायला सांगता येते:

```
tree_method="hist"
grow_policy="lossguide"
max_leaves=31
max_depth=0
```

इथे max_depth=0 म्हणजे खोलीवर बंधन नाही. त्यासोबत λ आणि पानाच्या किमान आकाराच्या अटीही जुळवल्या नाहीत, तर निकालातला फरक वाढीच्या क्रमामुळे आला की नियमनामुळे, हे सांगता येत नाही.