‘पार्केन’ म्हणजे परत करणं नव्हे

बर्लिनमध्ये भाचीकडे गेले होते, तेव्हाची गोष्ट. रविवारी माउअरपार्कमध्ये जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. तिथपर्यंत मी भाड्याच्या ई-स्कूटरवरून गेले. उभं राहून चालवायची, दोन बारीक चाकांची ती स्कूटर. बाग आली, उतरले आणि मोबाइल काढला. ॲप जर्मनमध्ये होतं. पडद्यावर दोन बटणं होती, एक `Fahrt beenden` आणि दुसरं `Parken`. पहिल्यातलं अक्षरही कळेना. दुसऱ्यात ‘पार्क’ स्पष्ट दिसत होतं. ते दाबलं, स्कूटर ‘टक्’ करून बंद झाली आणि मी बाजारात शिरले. सत्तर मिनिटांनी भाची भेटली, तिने मोबाइल पाहिला आणि म्हणाली, “मावशी, अगं तू परत केलीच नाहीस. मीटर चालूच आहे.”

हिशेब सोपा होता. सुरू करण्याचा 1 युरो आणि पुढे मिनिटाला 25 सेंट. प्रवास 12 मिनिटांचा, म्हणजे बिल 4 युरो व्हायला हवं होतं. माझं झालं 82 मिनिटांचं, म्हणजे 21 युरो 50 सेंट. साधारण दोन हजार रुपये.

`Parken` म्हणजे ‘पार्केन’. या ॲपमध्ये त्याचा अर्थ ‘थोडा वेळ थांबवणं’. दुकानातून दूध आणायचं आहे, तोवर गाडी दुसऱ्या कुणी नेऊ नये, यासाठी ही सोय असते. गाडीला कुलूप लागतं, पण भाडेकरू तुम्हीच राहता. काही कंपन्या थांबलेल्या वेळाचा दर कमी लावतात, काही तोच ठेवतात. कुठे या बटणावर `Pause` असंही लिहिलेलं असतं. प्रवास खरोखर संपवणारे शब्द वेगळे आहेत. स्कूटरवर बहुधा `Fahrt beenden`, म्हणजे ‘फार्ट बेएन्डेन’, प्रवास संपवा. सायकलवर `Rückgabe` किंवा `Zurückgeben`, म्हणजे परत करणं. आणखी एक फसवा शब्द `Weiterfahren`. त्याचा अर्थ ‘पुढे चालवत राहा’, आणि ते बटण अनेकदा मोठं आणि हिरवं असतं.

उघडताना मात्र भाषा फारशी आडवी येत नाही. हँडलवरचा क्यूआर कोड स्कॅन करायचा. अंधारात तो वाचला गेला नाही, तर जवळच छापलेला गाडीचा नंबर टाइप करायचा. मग `Entsperren`, ‘एन्टश्पेरेन’, कुलूप उघडा. आपला मोबाइल तो नंबर इंटरनेटवरून कंपनीकडे पाठवतो. तिथे खातं आणि कार्ड तपासलं जातं, आणि मग कुलपाला आज्ञा मिळते. कधी गाडीतल्या सिमकार्डवरून, कधी तुमच्याच मोबाइलच्या ब्लूटूथवरून. म्हणून ब्लूटूथ आणि लोकेशन चालू ठेवायला सांगणारा संदेश आला, तर तो टाळू नये.

भारतीय कार्डाची अडचण मात्र इथेच कळते. आपल्या नव्या कार्डांवर परदेशातले व्यवहार मुळात बंद असतात. ते बँकेच्या ॲपमधून निघण्यापूर्वीच सुरू करावे लागतात. ओटीपी भारतातल्या नंबरवर येतो, तेव्हा ते सिमही चालू हवं. शिवाय कंपनी आधी थोडी रक्कम कार्डावर अडकवून ठेवते. ती नंतर सुटते, पण लगेच नाही.

सायकल परत करण्यामागची रीत समजून घेतली, की चुका कमी होतात. मागच्या चाकाला घोड्याच्या नालेसारखं एक कुलूप असतं. ते आपोआप उघडतं, कारण आत ताणलेली स्प्रिंग असते आणि आज्ञा मिळताच ती सुटते. बंद करताना मात्र दांडी आपल्या हातानेच खाली ओढावी लागते. दांडी मध्येच अडली, तर ती चाकाच्या तारेला टेकलेली असते. जोर लावू नये, चाक इंचभर पुढे-मागे करावं. कुलूप पूर्ण बसलं, की सायकल स्वतःच ‘मी बंद झाले’ असं कळवते. काही सेवांमध्ये ठरलेल्या थांब्यावर असं कुलूप लावलं, की परतफेड आपोआप नोंदवली जाते. काही ठिकाणी त्यानंतर ॲपमध्येही सांगावं लागतं. म्हणून कुलपाच्या आवाजावर विसंबून निघू नये, पडद्यावर काय दिसतं ते पाहावं.

स्कूटरच्या बाबतीत जागेचाही प्रश्न येतो. नकाशावर लाल किंवा करडा भाग दिसला, तर तिथे ती सोडता येत नाही. बागा, नदीकाठ, पादचाऱ्यांचे रस्ते बहुधा त्यात येतात. शहराच्या मध्यभागी ठरवून दिलेल्या चौकटीतच उभी करावी लागते. बर्लिनची सार्वजनिक वाहतूक चालवणारी बीव्हीजी ही संस्था ‘येल्बी’ नावाचे थांबे चालवते, त्यांचा इथे उपयोग होतो. चुकीच्या जागी `Fahrt beenden` दाबलं, तर `Parkverbotszone` असा शब्द येतो. `Verbot` म्हणजे मनाई. हा शब्द दिसला, की गाडी हलवायची, एवढंच.

कधी आपण योग्य चौकटीत उभे असतो, तरी मनाईच दिसते. अशा वेळी चूक उपग्रहाच्या संकेताची असते. उंच इमारतींच्या भिंतींवर आपटून तो येतो आणि नकाशावरचा ठिपका रस्त्यापलीकडे सरकतो. गाडी काही पावलं मोकळ्या आभाळाखाली न्यावी, मिनिटभर थांबावं आणि पुन्हा दाबावं.

शेवटी ॲप फोटो मागतं. गाडी स्टँडवर उभी, पूर्ण दिसेल अशी, आजूबाजूच्या फूटपाथसकट, असा तो हवा. फोटो काढून मोबाइल खिशात टाकला आणि नेट गेलेलं असलं, तर तो पोचतच नाही आणि प्रवास संपतही नाही. संपला की पडद्यावरचं घड्याळ थांबतं आणि मिनिटं आणि रक्कम मांडलेला हिशेब येतो. त्या पानाचा स्क्रीनशॉट घ्यावा. काहीच जमलं नाही, तर गाडीचा नंबर, जागा आणि वेळ यांचा फोटो काढून तिथूनच मदत केंद्राला कळवावं. घरी जाऊन केलेल्या तक्रारीपेक्षा हा पुरावा भारी ठरतो.

ॲपची भाषा बदलण्याचा मार्गही आहे. बहुतेक ॲप मोबाइलची भाषा घेतात. मोबाइल मराठीत असेल आणि ॲपमध्ये मराठी नसेल, तर ते कधी इंग्रजीवर जातं, कधी थेट जर्मनवर. आयफोनवर आणि अँड्रॉइड 13पासून पुढच्या फोनवर, सेटिंगमध्ये त्या एका ॲपपुरती भाषा निवडता येते. माझ्या भाचीने हे दोन मिनिटांत करून दिलं. पण रस्त्यावरच्या पाट्या आणि कंपनीचे काही संदेश त्यानंतरही जर्मनच राहतात.

जर्मनीत या स्कूटरना 2019च्या जूनपासून परवानगी आहे. वेगाची मर्यादा ताशी 20 किलोमीटर, गाडीवर माणूस एकच, आणि फूटपाथवरून चालवायची नाही. नातवाला पुढे उभं करून चक्कर मारायची हौस इथे पुरवता येत नाही.

दुसऱ्या देशात शब्द वेगळे असतील, पण थांबवण्याचं आणि संपवण्याचं अशी दोन बटणं बहुधा असतातच. निघण्यापूर्वी एखाद्या स्थानिक माणसाकडून त्यातलं संपवण्याचं बटण कोणतं ते विचारून घ्या, आणि हिशेबाचं पान दिसेपर्यंत गाडीपासून हलू नका.