ड्यूसनंतर गेम कुणाचा, आणि किती पॉइंटांनी?

टेनिसचा गेम ४०-४० वर आला की ड्यूस होतो. तिथून पुढे सलग दोन पॉइंट घेणाऱ्याला गेम मिळतो. पहिला पॉइंट घेतला की ॲडव्हान्टेज, दुसराही घेतला की गेम, पण दुसरा गमावला तर खेळ पुन्हा ड्यूसवर. म्हणजे ड्यूसनंतरच्या खेळात पाचच अवस्था उरतात: ड्यूस, सर्व्हरचा ॲडव्हान्टेज, रिसीव्हरचा ॲडव्हान्टेज, सर्व्हरचा गेम आणि रिसीव्हरचा गेम. पहिल्या तीन अवस्थांतून खेळ पुढे सरकतो. शेवटच्या दोन अवस्थांत एकदा शिरले की बाहेर पडता येत नाही, म्हणून त्यांना शोषक अवस्था म्हणतात. पुढचा पॉइंट कोण घेईल हे फक्त सध्याच्या अवस्थेवर ठरते आणि इथवर खेळ कसा पोचला याचा त्यावर परिणाम होत नाही, असे धरले तर ही मार्कोव्ह साखळी होते. रशियन गणिती आंद्रेई मार्कोव्ह यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी अशा साखळ्यांचा अभ्यास सुरू केला.

हा प्रश्न मात्र त्यांच्याही आधीचा आहे. डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्स यांच्या १६५७ च्या पुस्तिकेत दोन खेळाडूंकडे प्रत्येकी १२ सोंगट्या आहेत. डाव हरणारा एक सोंगटी देतो आणि ज्याच्या सोंगट्या संपतात तो हरतो. प्रत्येकी १२ च्या जागी २ सोंगट्या घेतल्या की तोच ड्यूसचा खेळ होतो.

सर्व्हर प्रत्येक पॉइंट ०.६ संभाव्यतेने जिंकतो असे धरू. तो गेम जिंकण्याची संभाव्यता ड्यूसवर असताना ‘ड’, स्वतःच्या ॲडव्हान्टेजवर असताना ‘स’ आणि रिसीव्हरच्या ॲडव्हान्टेजवर असताना ‘र’ मानू. आता संपूर्ण गेमचा विचार न करता फक्त पुढच्या एका पॉइंटचा विचार करायचा. ड्यूसवरून तो पॉइंट सर्व्हरने घेतला तर खेळ ‘स’ वर जातो, गमावला तर ‘र’ वर. ‘स’ वरून पॉइंट घेतला तर गेमच हातात, आणि गमावला तर पुन्हा ड्यूस. ‘र’ वरून घेतला तर ड्यूस, गमावला तर गेम गेला. यातून तीन समीकरणे मिळतात:

ड = ०.६ स + ०.४ र
स = ०.६ + ०.४ ड
र = ०.६ ड

खालची दोन समीकरणे पहिल्यात घातली की ड = ०.३६ + ०.४८ ड, म्हणजे ड = ०.३६ ÷ ०.५२, साधारण ०.६९. त्यावरून स ०.८८ आणि र ०.४२. पॉइंटमागे ६० टक्के असलेले पारडे गेमच्या पातळीवर ६९ टक्के झाले, कारण जिंकण्यासाठी दोन पॉइंटांची आघाडी लागते आणि तशी आघाडी वरचढ खेळाडूलाच जास्त वेळा मिळते. उत्तर तपासायचे असेल तर रिसीव्हरची संभाव्यताही स्वतंत्रपणे काढावी. ती ०.१६ ÷ ०.५२, म्हणजे ०.३१ येते आणि दोन्हींची बेरीज १ होते. ही बेरीज १ भरली नाही तर एखादे समीकरण चुकले आहे, किंवा साखळीत अशी अवस्था राहून गेली आहे जिथून शेवटापर्यंत वाटच जात नाही.

वेळेचे गणितही याच रीतीने होते, फरक एका संख्येचा आहे. गेम संपायला सरासरी किती पॉइंट लागतील हे काढताना प्रत्येक समीकरणात आत्ता खेळला जाणारा पॉइंट, म्हणजे १, मिळवावा लागतो. गेम संपल्यावरची वेळ अर्थातच शून्य. तीन अवस्थांतून लागणारे सरासरी पॉइंट ‘डव’, ‘सव’ आणि ‘रव’ मानले तर:

डव = १ + ०.६ सव + ०.४ रव
सव = १ + ०.४ डव
रव = १ + ०.६ डव

यातून डव = २ ÷ ०.५२, म्हणजे साधारण ३.८५ पॉइंट. सव २.५४ आणि रव ३.३१. नवशिक्यांकडून इथे तो १ लिहायचा राहतो, आणि तसे झाले की तिन्ही उत्तरे शून्य येतात. चूक ओळखण्याची ही चांगली खूण आहे. दोन्ही खेळाडू अगदी तुल्यबळ असतील तर ड्यूसपासून सरासरी ४ पॉइंट लागतात, आणि ही सरासरी याहून वर जाऊ शकत नाही.

‘गेम किती चालेल’ आणि ‘सर्व्हर जिंकला तर गेम किती चालला असेल’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ड्यूसवर मात्र दोन्हींचे उत्तर एकच येते. ड्यूसपासून खेळ दोन-दोन पॉइंटांच्या फेऱ्यांत चालतो आणि प्रत्येक फेरीत तीनच गोष्टी होऊ शकतात: सर्व्हरने दोन्ही घेतले, रिसीव्हरने दोन्ही घेतले, किंवा एकेक वाटून पुन्हा ड्यूस. फेरी कितवी आहे याने जिंकण्याच्या प्रमाणात काही फरक पडत नाही, म्हणून गेम लवकर संपो वा उशिरा, सर्व्हरच्या विजयाची शक्यता ०.६९ च राहते. सर्व्हरच्या ॲडव्हान्टेजवर ही समता मोडते. तिथून सर्व्हर जिंकलेल्या गेमना सरासरी २.२१ पॉइंट लागतात. रिसीव्हरला मात्र आधी ड्यूस गाठावा लागतो आणि मग तिथून जिंकावे लागते, म्हणून त्याने जिंकलेल्या गेमची सरासरी १ + ३.८५, म्हणजे ४.८५ पॉइंट. एकूण सरासरी २.५४ पाहून रिसीव्हरच्या विजयाचा अंदाज बांधणारा म्हणूनच फसतो.

सरासरी आणखी एक गोष्ट झाकते. आपल्या उदाहरणात फेरी ड्यूसवर परत येण्याची संभाव्यता ०.४८ आहे, तेव्हा तीन फेऱ्यांनंतरही गेम चालू असेल अशी शक्यता ०.४८ चा घन, म्हणजे सुमारे ११ टक्के. सरासरी चारच्याही आत असताना दर नऊ गेममागे एक गेम सहा पॉइंटांच्या पुढे जातो. १९७५ साली इंग्लंडमधल्या सर्बिटन इथे अँथनी फॉसेट आणि कीथ ग्लास यांच्या सामन्यातला एक गेम ३७ ड्यूस आणि ८० पॉइंट चालला. पहिल्या ड्यूसनंतर ३६ वेळा तिथेच परतायची संभाव्यता तुल्यबळ खेळाडूंमध्येही २ च्या ३६ व्या घातात एक, म्हणजे सुमारे ६,८७२ कोटींत एक. जगभर ड्यूसला जाणारे गेम कितीही असले तरी इतकी लहान संख्या आली की आधी गृहीतकाकडेच बोट दाखवावे: सगळे पॉइंट एकाच संभाव्यतेचे आणि एकमेकांपासून स्वतंत्र असतात का?

क्लासेन आणि मॅग्नस या दोन डच संशोधकांनी विम्बल्डनमधले जवळपास ९०,००० पॉइंट तपासून २००१ मध्ये दाखवले की ते काटेकोरपणे तसे नसतात, पण फरक लहान असतो. काही फरक साखळीत सहज बसवता येतात. ड्यूसला सर्व्हिस कोर्टाच्या उजव्या बाजूने होते, ॲडव्हान्टेजला डाव्या बाजूने. समजा उजवीकडून सर्व्हर ०.६५ आणि डावीकडून ०.५५ संभाव्यतेने पॉइंट घेतो. पहिल्या समीकरणात ०.६५ आणि उरलेल्या दोन्हींत ०.५५ घालून ती पुन्हा सोडवली की ड ०.६९ च राहते आणि सरासरी पॉइंट ३.८८ होतात. दमल्यामुळे किंवा धसका घेतल्यामुळे मागच्या फेऱ्यांचा परिणाम पुढच्या पॉइंटवर होत असेल, तर या पाच अवस्था पुरत नाहीत. मग कितवा ड्यूस आहे तेही अवस्थेच्या नावात धरावे लागते आणि तीन समीकरणांच्या जागी लांबच लांब यादी सोडवावी लागते.