ठाण्याच्या आकड्यांत डोंबिवली कुठे आहे?

डोंबिवलीच्या एका विद्यार्थिनीने एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी विषय घेतला आहे असं समजा: 'ठाणे जिल्ह्यातील मुलांचं वाचन आणि खासगी शिकवणी'. स्वतः घरोघरी फिरायला वेळ नाही, म्हणून ती 'असर' या राष्ट्रीय सर्वेक्षणाचा डेटा वापरायचं ठरवते. 'प्रथम' संस्थेच्या पुढाकाराने हे सर्वेक्षण 2005 पासून होतं. संशोधकांना त्याचा मुलागणिक डेटा असर सेंटरकडून रीतसर मागवता येतो. फाइलमध्ये 'ठाणे' सापडतं आणि काम सोपं झालं असं वाटतं. पण त्या ठाण्यात डोंबिवलीचं एकही घर नाही. कल्याणचं नाही आणि खुद्द ठाणे शहराचंही नाही.

कारण साधं आहे. असर फक्त ग्रामीण भागात जातं. 2011 च्या जनगणनेत ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या 1 कोटी 10 लाखांवर होती. तेव्हा देशात याहून मोठ्या लोकसंख्येचा जिल्हा नव्हता. त्यातले सुमारे 77 टक्के लोक शहरी होते. म्हणजे असरचं 'ठाणे' उरलेल्या 23 टक्क्यांबद्दल, शहापूर-मुरबाडकडच्या गावापाड्यांबद्दल बोलतं.

हे 23 टक्के म्हणजे तरी सुमारे 25 लाख माणसं, आणि त्यांच्या वतीने बोलतात फक्त 600 घरं! जनगणनेच्या यादीतून 30 गावं निवडली जातात. मोठ्या गावाला निवडलं जाण्याची संधी जास्त असते. प्रत्येक गावाचे चार भाग पाडतात आणि प्रत्येक भागात दर पाचवं घर घेत पाच घरं गाठतात. घरातल्या 5 ते 16 वर्षांच्या प्रत्येक मुलासमोर एक कागद ठेवला जातो. त्यावर अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट असते. मूल मोठ्याने वाचतं आणि ज्या पायरीवर अडतं तिच्या आधीची पायरी नोंदवली जाते. चाचणी घरी होत असल्यामुळे शाळा सोडलेलं मूलही सुटत नाही.

शितावरून भाताची परीक्षा होते, ती भांडं लहान असतं म्हणून नव्हे. शीत कुठूनही उचललं तरी चालेल इतका भात ढवळलेला असतो, म्हणून होते. असरची गावं आणि घरं निवडण्याची पद्धत म्हणजे हे ढवळणं. मात्र एका भांड्यातलं शीत दाबून दुसऱ्या चुलीवरचा भात शिजला की नाही ते कळत नाही. म्हणून विद्यार्थिनीला पहिल्याच पानावर 'ठाणे जिल्हा' खोडून 'ग्रामीण ठाणे' लिहावं लागेल.

तेवढ्यानेही भागत नाही. 1 ऑगस्ट 2014 रोजी ठाण्याचं विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणू, तलासरी असे आठ तालुके तिकडे गेले. समजा, एखाद्याने 2012 मधलं ठाणे एका स्तंभात आणि विभाजनानंतरच्या हद्दीचं ठाणे दुसऱ्या स्तंभात ठेवलं. दोन्हींतला फरक मुलांच्या वाचनातला आहे की नकाशातला, हे त्या तक्त्यावरून सांगताच येणार नाही. एकही मूल जास्त शिकलेलं नसताना जिल्ह्याची टक्केवारी बदलू शकते. कल्याण-डोंबिवलीच्या शेजारच्या 27 गावांचंही तसंच आहे. ती 2011 च्या जनगणनेच्या वेळी महापालिकेबाहेर होती आणि 2015 मध्ये आत आली. त्यामुळे प्रत्येक वर्षाच्या डेटासोबत एक प्रश्न विचारायलाच हवा: या वर्षी 'ठाणे' म्हणजे कोणत्या हद्दीतलं आणि गावांची यादी कोणत्या जनगणनेतली?

आता आकडेमोडीकडे येऊ. विद्यार्थिनीला तिसरीतली मुलं हवी आहेत. 600 घरांमध्ये सगळ्या वयांची मुलं मिळून मोठी संख्या दिसते, पण एक इयत्ता वेगळी काढली की डेटा झरझर आटतो. तिच्या हाती 60 मुलं उरली असं धरू. त्यातही एका गावातली मुलं बहुधा एकाच शाळेत, एकाच बाईंकडे शिकतात. त्यांचे निकाल एकमेकांसारखे येतात, म्हणून 60 मुलांकडून 60 स्वतंत्र मुलांइतकी माहिती मिळत नाही. ती 40 मुलांइतकीच मिळते असं धरलं, तर 50 टक्क्यांच्या आसपासच्या कोणत्याही आकड्याला दोन्ही बाजूंनी सुमारे 15 टक्क्यांची सूट द्यावी लागते. एका फेरीत 40 टक्के मुलं उतारा वाचू शकली आणि पुढच्या फेरीत 52 टक्के, तर 'वाचनात 12 टक्क्यांची झेप' असं लिहायचा मोह होतो. पण अशा दोन आकड्यांमधला फरक निव्वळ योगायोगानेही 22 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. म्हणजे ती झेप सिद्ध होत नाही. गावातल्या मुलांचं हे सारखेपण हिशेबात यावं, यासाठी विश्लेषण करताना सॉफ्टवेअरला 'गाव हा गट आहे' असं सांगावं लागतं. ते सांगायचं राहिलं, तर उत्तर खोट्या आत्मविश्वासाने येतं.

नमुना वाढवायला अनेक जिल्हे एकत्र केले की भार लावणं आलं. ग्रामीण ठाण्याला 600 घरं आणि त्याच्या एक तृतीयांशही ग्रामीण लोकसंख्या नसलेल्या सिंधुदुर्गालाही 600 घरं. म्हणून ठाण्याचं एक घर जास्त कुटुंबांच्या वतीने बोलतं. डेटासोबत दिलेले भार न लावता काढलेली राज्याची सरासरी छोट्या जिल्ह्यांकडे झुकते.

आता शिकवणी. शिकवणीला जाणारी मुलं बरं वाचतात असं दिसलं, तरी श्रेय शिकवणीचंच असेल असं नाही. जी आई शिकलेली आहे, जिच्याकडे फीचे पैसे आहेत, ती शिकवणीही लावते आणि घरी अभ्यासही घेते. आईचं शिक्षण आणि घराची स्थिती डेटात असते, ती हिशेबात धरता येते. पण घरातली ओढ धरता येत नाही. निष्कर्षात 'संबंध आढळला' एवढंच लिहावं, 'शिकवणीमुळे सुधारणा झाली' असं नको. शिवाय कागदाची सर्वांत वरची पायरी दुसरीची गोष्ट आहे. आठवीतली दोन मुलं ती वाचून गेली, तर त्यातलं कोण पुढे हे हा डेटा सांगू शकत नाही.

मग डोंबिवलीचं काय? राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणात शहरं असतात, पण ते शाळेत होतं. त्या दिवशी गैरहजर असलेलं मूल त्यात येत नाही आणि निकाल जिल्ह्याचा असतो, महापालिकेचा नसतो. शिवाय 2017 मध्ये त्यात सरकारी आणि अनुदानित शाळा होत्या, 2021 मध्ये खासगी विनाअनुदानितही आल्या. त्यामुळे त्या दोन वर्षांची थेट तुलना नको. 2011-12 च्या भारत मानव विकास सर्वेक्षणात 8 ते 11 वर्षांच्या मुलांची असरसारखीच वाचनचाचणी झाली, त्यात शहरी घरं आहेत आणि डेटा खुला आहे. त्यावरून शहरी महाराष्ट्राबद्दल जपून बोलता येईल, एका शहराबद्दल नाही.

लघुप्रबंधाचं शीर्षक 'ग्रामीण ठाण्यातील (2011 ची हद्द) मुलांचं वाचन आणि शिकवणी यांचा संबंध' असं केलं तर काम खरं आणि पुरेसं होईल. ज्यांना डोंबिवलीच हवी आहे, त्यांनी असरचा कागद घेऊन स्वतः डोंबिवलीतली दारं ठोठावावीत. डेटा उघडण्याआधी त्याची नमुना-निवडीची टिपणी वाचा. तुमचा प्रश्न त्या डेटाला विचारता येतो की नाही, हे तिथेच लिहिलेलं असतं.